इंग्रजी इतिवृत्ताचे मराठीकरण : कोणते काम कोणाकडे?

शाळेच्या कामाशी संबंध असलेल्या अनेक सभांचे इतिवृत्त आज इंग्रजीत लिहिले जाते. शाळेला साहित्य देणाऱ्या संस्था, यंत्रसामग्री बसविणारे व्यावसायिक आणि शहरातील तज्ज्ञ यांच्याबरोबर शाळेची संयुक्त सभा झाली, म्हणजे तिचे इतिवृत्त बहुधा इंग्रजीतच शिक्षकाच्या हाती पडते. ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे मात्र मराठीतच ठेवावे लागते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ अन्वये या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. त्यांतील बहुतेकांना इंग्रजी मजकूर वाचता येत नाही. शिक्षकाने केलेले भाषांतर हेच त्यांच्या दृष्टीने सभेचे खरे रूप असते.

अशा भाषांतरात भाषेचे सौंदर्य दुय्यम असते. वाचणाऱ्यास तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : काम कोणते, ते कोणी करावयाचे आणि केव्हापर्यंत. यांपैकी पहिली आणि तिसरी गोष्ट भाषांतरात सहसा टिकून राहते. हरवते ती दुसरी. ती कशी हरवते आणि कशी राखता येते, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहणे सोयीचे होईल.

उदाहरणाची सभा

एका गावात वरची शाळा व खालची शाळा अशा दोन प्राथमिक शाळा आहेत अशी कल्पना करावी. एक संस्था दोन्ही शाळांना पिण्याचे पाणी शुद्ध करणारा फिल्टर देणार आहे. त्यासाठी सोमवार, ९ जून २०२५ रोजी संयुक्त सभा झाली. सभेच्या अध्यक्ष संस्थेच्या कार्यक्रम अधिकारी श्रीमती कुलकर्णी होत्या. वरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका श्रीमती एस. पाटील, खालच्या शाळेचे मुख्याध्यापक श्री. जाधव, संस्थेचे क्षेत्र समन्वयक श्री. एस. पवार आणि फिल्टर बसविणारे यंत्रज्ञ श्री. शेख हे उपस्थित होते. फिल्टर शनिवार, २१ जून रोजी बसवावयाचे ठरले. इंग्रजी इतिवृत्तात पुढील पाच कामे नोंदविलेली होती.

पहिले काम : ‘हेडमास्टर्स टु कन्फर्म प्लेस फॉर फिल्टर बाय नेक्स्ट फ्रायडे.’

दुसरे काम : ‘वॉटर टु बी टेस्टेड बिफोर इन्स्टॉलेशन. ॲक्शन : एस. पी.’

तिसरे काम : ‘पवार टु चेक विथ शेख ऑन प्लंबिंग कॉस्ट.’

चौथे काम : ‘वी विल एम्प्टी अँड क्लीन द टँक्स बाय १८ जून.’

पाचवे काम : ‘पेरेंट्स शुड बी इन्फॉर्म्ड.’

ही वाक्ये लहान आणि वरवर सोपी आहेत. तथापि यांतील प्रत्येक वाक्य मराठीत आणताना कर्त्याची गफलत होण्यास जागा आहे.

‘करण्यात यावे’ या रचनेचा धोका

दुसऱ्या कामाचे भाषांतर सर्वसाधारणपणे असे केले जाते : ‘फिल्टर बसविण्यापूर्वी पाण्याची तपासणी करण्यात यावी.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे आणि कचेरीच्या लेखनात त्याची सवयही पडलेली आहे. परंतु त्यात कर्ता नाही. इंग्रजी इतिवृत्तात असाच कर्ताहीन प्रयोग असतो. तेथे ती उणीव उजव्या बाजूस लिहिलेल्या आद्याक्षरांनी भरून निघते. मराठी प्रतीत वाक्य उतरते आणि बाजूची अक्षरे गळतात. मग समितीचा प्रत्येक सदस्य वाक्य वाचून मान डोलावतो आणि तपासणी दुसरा कोणीतरी करील असे गृहीत धरतो.

येथे किती नुकसान होऊ शकते हे या कामाच्या स्वरूपावरून कळेल. पाण्यात क्षार अधिक असतील तर एका प्रकारचा फिल्टर लागतो. क्षार बेताचे पण रोगजंतू असतील तर दुसऱ्या प्रकारचा पुरतो. म्हणून तपासणी आधी होणे आवश्यक असते. जंतूंच्या तपासणीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो आणि तो थंड ठेवून २४ तासांच्या आत तेथे पोहोचवावा लागतो. म्हणजे बाटली आणण्यापासून नमुना पोहोचविण्यापर्यंतची धावपळ कोणा एकाने अंगावर घेतली नाही, तर हे काम आपोआप होण्यासारखे नाही. २१ जून उजाडला आणि तपासणी झालेली नसली, तर फिल्टर अंदाजाने बसेल आणि मुले ते पाणी शुद्ध समजून पितील.

कर्ता दाखविण्यासाठी काही जण ‘यांच्याकडून’ हा शब्द घालतात : ‘श्री. पवार यांच्याकडून पाण्याचा नमुना घेण्यात यावा.’ हा उपाय मूळ दोषाहून वाईट आहे. या वाक्याचे दोन अर्थ होतात. नमुना श्री. पवार यांनी घ्यावा, हा एक, आणि श्री. पवार यांच्यापाशी असलेला नमुना दुसऱ्या कोणी घ्यावा, हा दुसरा. देणे, घेणे, मागविणे, मिळविणे अशी क्रियापदे असली म्हणजे ‘कडून’ हा शब्द हटकून संदिग्ध होतो.

मराठीत याहून सरळ मार्ग उपलब्ध आहे. विध्यर्थी क्रियापदाबरोबर कर्ता तृतीया विभक्तीत येतो : ‘श्री. पवार यांनी पाण्याची तपासणी करून घ्यावी.’ या रचनेत आज्ञा आहे, आदर आहे आणि कर्ता वाक्याच्या आरंभी ठळकपणे उभा आहे. इतिवृत्तातील प्रत्येक कामाचे वाक्य व्यक्तीच्या नावाने सुरू करावे, एवढा एकच नियम पाळला तरी कर्ता हरविण्याचे बहुतेक प्रसंग टळतात.

आद्याक्षरे उलगडणे

याच कामात दुसरी अडचण आहे. ‘एस. पी.’ म्हणजे कोण? उपस्थितांत श्रीमती एस. पाटील आहेत आणि श्री. एस. पवारही आहेत. इंग्रजी इतिवृत्त लिहिणाऱ्यास कोण अभिप्रेत होते हे त्याला ठाऊक असते. भाषांतरकाराला ते ठाऊक असेलच असे नाही. पाण्याचा नमुना शाळेतून घ्यावयाचा म्हणून मुख्याध्यापिका, असा तर्क करता येतो. प्रयोगशाळा तालुक्याच्या गावी, म्हणून समन्वयक, असाही करता येतो. दोन्ही तर्क सारखेच पटण्याजोगे आहेत. म्हणून दोहोंपैकी कोणताही स्वीकारू नये. इतिवृत्त लिहिणाऱ्यास विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत ती जागा मोकळी ठेवावी. प्रस्तुत उदाहरणात विचारणा केल्यावर श्री. पवार हे उत्तर आले, असे धरू.

मराठी प्रतीत आद्याक्षरे मुळीच वापरू नयेत. ‘एस. पी.’ ही अक्षरे देवनागरीत लिहिली म्हणून मराठी होत नाहीत. पालकांना त्यांवरून व्यक्ती ओळखता येत नाही. प्रत्येक ठिकाणी आडनाव द्यावे. पहिल्या उल्लेखात आडनावाबरोबर हुद्दाही द्यावा आणि पुढे नाव व हुद्दा यांची अदलाबदल करू नये. एकदा ‘श्री. पवार’, पुढे ‘समन्वयक’ आणि नंतर ‘संस्थेचे प्रतिनिधी’ असे लिहिले, तर नवख्या वाचकाला ती तीन माणसे वाटतात. निबंधात पुनरुक्ती हा दोष मानला जातो, इतिवृत्तात तो गुण आहे. हुद्द्यांचे मराठी प्रतिशब्द भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशात मिळतात. तेथे नसलेला हुद्दा प्रचलित नावानेच लिहावा, नवा शब्द घडवू नये.

आदरार्थी बहुवचन

पहिल्या कामाचे भाषांतर ‘मुख्याध्यापकांनी जागा निश्चित करावी’ असे होईल. इंग्रजीत ‘हेडमास्टर्स’ हे उघड बहुवचन आहे. मराठीत ‘मुख्याध्यापकांनी’ हे रूप अनेकांना लागू पडते आणि आदरार्थी असल्यास एकालाही लागू पडते. मूळ वाक्यात दोन माणसांवर सोपविलेले काम मराठी वाचकाला एकाचे वाटू शकते. खालच्या शाळेच्या समितीपुढे हे वाक्य वाचले गेले, तर ते वरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांविषयी आहे असे समजून लोक पुढे जातील. उलट अडचणही संभवते. मूळ इंग्रजीत एकवचन असावे आणि मराठीतील आदरार्थी रूपामुळे ते दोघांचे काम वाटावे, असेही घडते.

दोन माणसांची नावे ‘व’ या अव्ययाने जोडली तरी शंका संपत नाही. ‘श्रीमती पाटील व श्री. जाधव यांनी जागा निश्चित करावी’ यात दोघांनी मिळून एक जागा निवडावयाची आहे, की प्रत्येकाने आपापल्या शाळेतील? ‘मिळून’ किंवा ‘प्रत्येकी’ हा एक शब्द येथे निर्णायक ठरतो. त्याहूनही चांगले म्हणजे कामाच्या दोन ओळी करणे : वरच्या शाळेतील जागा श्रीमती पाटील यांनी निश्चित करावी, खालच्या शाळेतील जागा श्री. जाधव यांनी निश्चित करावी. अशा वेळी मूळ क्रमांक कायम ठेवून पोटक्रमांक ‘अ’ आणि ‘आ’ द्यावेत, म्हणजे इंग्रजी व मराठी प्रती ताडून पाहणे सोपे जाते.

कोण विचारणार आणि कोण सांगणार

तिसऱ्या कामात दोन नावे आहेत. परंतु काम एकाचेच आहे. श्री. पवार यांनी श्री. शेख यांना नळजोडणीचा खर्च विचारावयाचा आहे. घाईने केलेले भाषांतर असे होते : ‘श्री. पवार यांनी श्री. शेख यांच्याकडून नळजोडणीचा खर्च तपासून घ्यावा.’ आता तपासण्याचे काम श्री. शेख यांच्याकडे गेले. मराठीतील ‘करून घेणे’ ही रचना दुसऱ्याकरवी काम करविण्याचा अर्थ देते. दुसऱ्या कामात ती योग्य होती, कारण तपासणी प्रयोगशाळा करणार आणि ती घडवून आणणे ही श्री. पवार यांची जबाबदारी. येथे मात्र तीच रचना अर्थ बदलते. शुद्ध भाषांतर असे : ‘नळजोडणीचा खर्च किती येईल, हे श्री. पवार यांनी श्री. शेख यांना विचारून निश्चित करावे.’ येथे कामाचा आरंभ आणि शेवट दोन्ही श्री. पवार यांच्याकडेच राहतात.

दोन नावे असलेल्या प्रत्येक वाक्याला एक कसोटी लावावी : काम झाले नाही तर पुढील सभेत जाब कोणाला विचारला जाईल? ज्याला विचारला जाईल त्याच्या नावापुढे ‘यांनी’ यावे. दुसऱ्या व्यक्तीचे नाव ‘यांना विचारून’, ‘यांच्या मदतीने’ किंवा ‘यांना कळवून’ अशा शब्दांनी जोडावे. मूळ इतिवृत्तात दोन नावे नुसत्या तिरप्या रेषेने जोडलेली असतील, तर ती रेषा मराठीत तशीच उतरवू नये. तिचा अर्थ ‘आणि’ आहे की ‘किंवा’, हे विचारून घ्यावे. ‘किंवा’ असे उत्तर मिळाले, तर दोघांपैकी एकाचे नाव ठरवून द्यावे अशी विनंती सभेच्या अध्यक्षांना करणे इष्ट होय.

‘आपण’ की ‘आम्ही’

चौथ्या कामातील ‘वी’ या सर्वनामाला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत. ‘आपण’ यात ऐकणाराही समाविष्ट असतो. ‘आम्ही’ यात तो नसतो. इंग्रजीत हा भेद नाही. ‘आपण टाक्या रिकाम्या करून स्वच्छ करू’ असे लिहिले तर सारी सभा त्या कामास बांधली जाते. ‘आम्ही करू’ असे लिहिले तर बोलणाऱ्याच्या बाजूची माणसेच बांधली जातात. पण तो बोलणारा कोण, हे मूळ इतिवृत्तात नाही. संस्थेचा माणूस बोलला असेल तर टाक्या संस्था धुणार. मुख्याध्यापक बोलले असतील तर शाळा. म्हणजे सर्वनामाची निवड येथे कामाची वाटणीच ठरविते आणि ती वाटणी करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

इतिवृत्ताच्या मराठी प्रतीत प्रथमपुरुषी सर्वनाम येऊच देऊ नये, हा येथील सुरक्षित मार्ग होय. ‘वी’ जेथे येईल तेथे अंगुलिनिर्देश कोणाकडे आहे हे विचारावे आणि नाव लिहावे. प्रस्तुत सभेत हे वाक्य श्री. जाधव यांचे होते आणि श्रीमती पाटील यांनी त्याला संमती दिली होती, असे इतिवृत्त-लेखकाने सांगितले असे धरू. म्हणजे प्रत्येक शाळेने आपली टाकी धुवावयाची आहे. तृतीयपुरुषी ‘ते’ हेही सर्वनाम तितकेच अविश्वसनीय आहे, कारण आदरार्थी एक आणि साधे अनेक या दोहोंसाठी ते वापरले जाते.

मुदतीची अचूकता

कर्त्याच्या खालोखाल मुदत महत्त्वाची. पहिल्या कामातील ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे सोमवार ९ जूननंतर लगेच येणारा शुक्रवार, १३ जून, की त्यापुढचा, २० जून? इंग्रजी बोलणाऱ्यांतही यावर एकवाक्यता नसते आणि मराठीतील ‘पुढचा शुक्रवार’ तितकाच संदिग्ध आहे. फिल्टर २१ जूनला बसावयाचा असल्याने १३ तारीख अधिक संभवनीय दिसते. तरीही ती पडताळून घ्यावी आणि मराठीत वार व तारीख दोन्ही लिहावी : ‘शुक्रवार, १३ जून २०२५’. वार आणि तारीख एकमेकांना साक्ष देतात. एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून ती उघडकीस येते. ‘परवा’ हा शब्द तर कदापि वापरू नये, कारण तो मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना लागतो.

केवळ अंकांनी लिहिलेली तारीख आढळल्यास अधिक सावध असावे. पुढील सभा ०७/०८ रोजी असे लिहिले असेल, तर आपल्याकडील रीतीने ती ७ ऑगस्ट होते आणि अमेरिकी रीतीने ८ जुलै. महिन्याचे नाव अक्षरांनी लिहिले की प्रश्न मिटतो.

‘पर्यंत’ या शब्दातही एक गुंता आहे. इंग्रजीत मुदतीच्या आत एकदा करावयाच्या कामासाठी ‘बाय’ आणि त्या दिवसापर्यंत चालू ठेवावयाच्या स्थितीसाठी ‘टिल’ असे वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींसाठी ‘पर्यंत’ येतो आणि भेद केवळ क्रियापदाने कळतो. ‘टाकी १८ जूनपर्यंत रिकामी करावी’ आणि ‘टाकी १८ जूनपर्यंत रिकामी ठेवावी’ या दोन वाक्यांत एका क्रियापदाचा फरक आहे. पहिल्यात त्या दिवसाच्या आत केव्हातरी टाकी उपसावयाची आहे. दुसऱ्यात आजपासून ती कोरडी राहावयाची आहे आणि तितके दिवस मुलांना त्या टाकीचे पाणी मिळावयाचे नाही. उन्हाळी सुटी संपून शाळा उघडण्याच्या सुमारास हा फरक लहान नाही. मुदतीच्या ठिकाणी ‘बुधवार, १८ जून रोजी सायंकाळी ५ वाजण्यापूर्वी’ अशी रचना केल्यास संशय उरत नाही. मात्र मूळ प्रतीत वेळ दिलेली नसेल तर ती आपल्या मनाने घालू नये, ‘त्या दिवशी किंवा त्यापूर्वी’ एवढेच लिहावे.

मुळात नसलेले मराठीत घालू नये

पाचव्या कामात कर्ताही नाही आणि मुदतही नाही. ‘शुड’ या क्रियापदाने ते कर्तव्य म्हणून सांगितले आहे, की इच्छा म्हणून, हेही स्पष्ट नाही. मराठीतील ‘कळवावे’ हे रूप तर आज्ञा, सल्ला आणि इच्छा या तिन्ही अर्थांनी चालते. अशा वेळी भाषांतरकाराला मोह होतो तो ‘वर्गशिक्षकांनी पालकांना कळवावे’ असे लिहिण्याचा. पालकांना नेहमी वर्गशिक्षकच कळवितात, हे खरे. परंतु सभेने तसे ठरविलेले नाही. भाषांतरात एखादे नाव शिरले की ते सभेचा निर्णय म्हणून वाचले जाते आणि सभेला हजर नसलेल्या शिक्षकाच्या माथी काम येते.

याउलट, केवळ ‘पालकांना कळविण्यात यावे’ असे लिहून पुढे जाणेही बरोबर नाही, कारण त्यामुळे मूळ उणीव झाकली जाते. योग्य रीत अशी की वाक्य सरळ लिहावे आणि त्याखाली चौकटी कंसात टीप द्यावी : [मूळ प्रतीत जबाबदार व्यक्ती व मुदत नमूद नाही.] ही टीप इतिवृत्त-लेखकाकडेही पाठवावी. तेथून उत्तर आले तर टीप काढून नाव घालावे. न आले तर टीप तशीच राहू द्यावी, म्हणजे पुढील सभेत मागील इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा ती रिकामी जागा सर्वांच्या दृष्टीस पडेल.

क्रियापदांच्या बळाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंग्रजी ‘विल’ म्हणजे संबंधिताने स्वतः स्वीकारलेले काम. त्याला ‘करतील’ हे भविष्यकाळी रूप शोभते. नावापुढील ‘टु’ म्हणजे सभेने सोपविलेले काम, त्याला ‘करावे’. ‘मे’ म्हणजे मुभा. त्याला ‘करण्यास हरकत नाही’ किंवा ‘करू शकतील’. हे तिन्ही प्रकार सरसकट ‘करावे’ याच रूपात ओतले, तर मुभा ही आज्ञा बनते आणि खरी आज्ञा मुभेसारखी वाटू लागते.

काही फसवे शब्द

इतिवृत्ताच्या साच्यातील काही इंग्रजी शब्द नेहमीच्या अर्थाने घेतल्यास हास्यास्पद भाषांतर होते. कामांच्या रकान्याच्या शिरोभागी ‘ओनर’ असे असते. त्याचे भाषांतर ‘मालक’ असे न करता ‘जबाबदार व्यक्ती’ असे करावे. ‘ॲक्शन आयटेम’ म्हणजे ‘करावयाचे काम’. आरंभीच्या भागातील ‘अपॉलॉजीज’ या शब्दाखाली जी नावे असतात त्यांनी दिलगिरी व्यक्त करण्याजोगे काही केलेले नसते. ते सभेस येऊ शकत नसल्याचे कळविलेले सदस्य होत. ‘टेबल्ड’ या शब्दाचा अर्थ ब्रिटिश रीतीने ‘विचारार्थ मांडला’ असा आणि अमेरिकी रीतीने ‘विचार पुढे ढकलला’ असा अगदी उलट होतो. तो आढळल्यास पुढील मजकुरात चर्चा दिली आहे काय, हे पाहून अर्थ ठरवावा आणि न ठरल्यास विचारावे.

तयार मराठी नोंद

वरील विचारणा व दुरुस्त्या झाल्यावर उदाहरणातील पाच कामांची मराठी नोंद अशी होईल.

१ (अ) वरच्या शाळेतील फिल्टरची जागा श्रीमती पाटील, मुख्याध्यापिका, यांनी निश्चित करून कळवावी. मुदत : शुक्रवार, १३ जून २०२५.

१ (आ) खालच्या शाळेतील फिल्टरची जागा श्री. जाधव, मुख्याध्यापक, यांनी निश्चित करून कळवावी. मुदत : शुक्रवार, १३ जून २०२५.

२. पाण्याची तपासणी श्री. पवार, क्षेत्र समन्वयक, यांनी करून घ्यावी. मुदत : फिल्टर बसविण्यापूर्वी, म्हणजे शनिवार, २१ जून २०२५ पूर्वी.

३. नळजोडणीचा खर्च किती येईल, हे श्री. पवार यांनी श्री. शेख, यंत्रज्ञ, यांना विचारून निश्चित करावे. [मूळ प्रतीत मुदत नमूद नाही.]

४ (अ) वरच्या शाळेची टाकी श्रीमती पाटील रिकामी करून स्वच्छ करवून घेतील. मुदत : बुधवार, १८ जून २०२५ किंवा त्यापूर्वी.

४ (आ) खालच्या शाळेची टाकी श्री. जाधव रिकामी करून स्वच्छ करवून घेतील. मुदत : बुधवार, १८ जून २०२५ किंवा त्यापूर्वी.

५. पालकांना कळवावे. [मूळ प्रतीत जबाबदार व्यक्ती व मुदत नमूद नाही.]

ही नोंद लिहिताना एक उणीव आपोआप उघड झाली : तिसऱ्या कामालाही मुदत नव्हती. इंग्रजी वाचताना ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती. कर्ता आणि मुदत यांना ठरावीक जागा दिली की रिकामी राहिलेली जागा डोळ्यांत भरते.

पडताळणी

नोंद पूर्ण झाल्यावर तीन प्रकारे तपासावी. प्रथम मोजणी. मूळ प्रतीत पाच क्रमांक असतील तर मराठीतही पाचच असले पाहिजेत; पोटक्रमांक वाढले तरी मूळ क्रमांक वाढू अगर घटू नयेत. एक क्रमांक कमी भरला तर लांबलेल्या परिच्छेदाच्या पोटात एखादे काम राहून गेले आहे असे समजावे.

दुसरी तपासणी उलट दिशेने करावी. दुसऱ्या शिक्षकास मूळ इंग्रजी न दाखविता केवळ मराठी नोंद द्यावी आणि ‘श्री. पवार यांच्याकडे किती कामे आहेत?’ असे प्रत्येक व्यक्तीविषयी विचारावे. वरील नोंदीवरून श्री. पवार यांच्याकडे दोन, श्रीमती पाटील यांच्याकडे दोन, श्री. जाधव यांच्याकडे दोन आणि श्री. शेख यांच्याकडे एकही नाही, असे उत्तर आले पाहिजे. श्री. शेख यांच्याकडे एक, असे उत्तर आले तर तिसऱ्या ओळीची रचना पुन्हा पाहावी.

तिसरी तपासणी ज्याची त्याने करावयाची असते. समितीपुढे नोंद ठेवण्यापूर्वी प्रत्येक जबाबदार व्यक्तीस तिच्या नावाची ओळ वाचून दाखवावी, दूरध्वनीवरून दाखविली तरी चालेल. काम आपले नाही असे कोणी म्हणाल्यास भाषांतर बदलण्याची घाई करू नये. प्रथम मूळ प्रत पाहावी. मूळ प्रतीतच चूक असेल तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार सभेचा आहे. मराठी प्रतीच्या अखेरीस ‘हे भाषांतर असून मूळ इंग्रजी प्रत शाळेत पाहावयास मिळेल’ अशी ओळ लिहून त्याखाली भाषांतर करणाऱ्याची सही व दिनांक घालावा, आणि दोन्ही प्रती एकाच नस्तीत एकत्र ठेवाव्यात.